‘लई उदास धून हाय, कोणता राग?’ एवढ्यावरून सूर कसे ओळखायचे

मागच्या उन्हाळ्यात सेलूच्या भाच्याचा फोन आला. एका लग्नात पाठवणीच्या टायमाला बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यानी एक धून वाजवली आणि ती त्याच्या डोक्यातून जाईना. "मामा, लई उदास हाय बगा, पण नुसती रडकी न्हाई, मधीच कुठंतरी अरबी वाटायली. कोणता राग असंल?" रेकॉर्डिंग नाही, गाण्याचं नाव माहीत नाही, आणि पोराला सारेगम येत नाही. एवढ्यावरच ओळखायचं.

मी अंबाजोगाईकडचा, भजनी मंडळात पेटी वाजवतो, शास्त्रीय गाण्याचा पंडित वगैरे नाही. पण असले फोन मला कायम येतात, त्यामुळं माझी एक पद्धत बसलीय. ज्यांना सुरांचं काहीच माहीत नाही त्यांना पण ती जमते, फक्त समोर पेटी पाहिजे, नाहीतर मोबाईलवर एखादं पियानोचं ॲप. भाच्याच्या धुनेवरच सांगतो, म्हणजे कळायला सोपं जाईल.

आधी पट्ट्यांची ओळख

पेटीवर काळ्या पट्ट्या दोनच्या आणि तीनच्या झुपक्यात असतात. दोनच्या झुपक्याच्या लगेच डावीकडची जी पांढरी, ती पांढरी १. तिथून उजवीकडं पांढऱ्या मोजत जा, २, ३, करत ७ पर्यंत, आणि आठवी म्हणजे परत पांढरी १, वरच्या सप्तकातली. काळ्या पण तशाच मोजायच्या, दोनच्या झुपक्यात १ आणि २, तीनच्या झुपक्यात ३, ४, ५.

आता पांढरी १ ला सा धरला तर सगळ्या पांढऱ्या म्हणजे शुद्ध सूर, सा रे ग म प ध नी. आणि काळ्या अगदी ओळीनं येतात बघा: काळी १ कोमल रे, काळी २ कोमल ग, काळी ३ तीव्र म, काळी ४ कोमल ध, काळी ५ कोमल नी. एवढं पाठ झालं की पुढं फार काही पाठ करावं लागत नाही, कारण धुनेचा रंग कोणत्या काळ्या लागल्या यावरच ठरतो. काळी लागली की तिची पांढरी सुटते एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे काळी २ लागली तर पांढरी ३ वाजवायची नाही. मी तर वहीत राग लिहीतच नाही, नुसते काळ्यांचे नंबर लिहितो, "२, ४, ५" असं, आणि नाव नंतर शोधतो.

धून खरी कोणत्या पट्टीत होती याची काळजी करू नका. काळी ४ ला सा धरून गायलेलं गाणं पांढरी १ वरून गुणगुणलं तरी त्याचा रंग तोच राहतो, नुसती उंची बदलते. उलट मुद्दाम पांढरी १ वरच आणायचं, म्हणजे नंबर जुळतात.

माणूस काय शब्द वापरायला ते ऐका, आणि त्याचा प्रश्न करा

"उदास", "रडकं", "मन भरून आलं" असं कुणी म्हणलं की माझा पहिला प्रश्न ग चा. पांढरी १, २, ३ वाजवून दाखवा, मग पांढरी १, २ आणि काळी २. एकच पट्टी बदलली पण पहिलं मोकळं वाटतं आणि दुसऱ्यात चेहरा पडल्यासारखं होतं. समोरच्याला विचारायचं, तुझ्या धुनेची सुरुवात यातल्या कशासारखी? बहुतेक लोक लगेच सांगतात, त्याला कान तयार असायची गरज नसते. याच एका पट्टीनं भूपाचा शिवरंजनी होतो. भूप म्हणजे सा रे ग प ध एवढेच पाच सूर, त्यातला ग कोमल केला की संपलं, हसरा माणूस गप्प होऊन बसल्यासारखं.

"भयाण", "अंगावर काटा", "कुणीतरी मागं उभं हाय असं" म्हणले तर मी रे कडं जातो. कोमल रे हा सा ला अगदी चिकटून असतो, मधी एक पण पट्टी नाही. धून घरी, म्हणजे सा वर, येताना पांढरी २ वरून उतरली तर आरामात येते, काळी १ वरून आली तर घसरून पडल्यासारखी येते. म्हणून मी विचारतो, "शेवटच्या पायरीला दचकल्यासारखं होतंय का?" होय म्हणला की काळी १.

"अरबी", "वाळवंटातलं", "उंटावरचं" असं म्हणले तर त्यात एक उडी असते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन सुरांमधी दोन पट्ट्या मोकळ्या सुटतात. अशी उडी बहुतेक दोन जागी सापडते: खाली काळी १ वरून सरळ पांढरी ३ वर, नाहीतर वर काळी ४ वरून सरळ पांढरी ७ वर. दोन्ही वाजवून बघा, कान लगेच म्हणतो, हां हेच. पण उडी खाली आहे का वर, यावर पूर्ण नाव बदलतं, म्हणून नुसतं "अरबी" म्हणलं की लगेच भैरव म्हणून मोकळं होऊ नका. हे मी स्वतः लई वेळा केलंय.

आणि "अधांतरी", "लटकल्यासारखं", "खाली उतरतच नाही" म्हणले तर काळी ३, तीव्र म. मारव्यात काळी १ आणि ३ लागतात, प नसतो आणि गाणारा सा वर पण फारसा टेकत नाही, त्यामुळं कोमल ग नसून सुद्धा संध्याकाळी उगं जीव कासावीस झाल्यासारखं वाटतं. म्हणजे दुःख म्हणलं की कोमल ग असणारच असा नियम नाही, पण शंभरातल्या बऱ्याच वेळा सुरुवात तिथून केली तर फायदा होतो.

भाच्याचं काय झालं

त्याला म्हणलं ॲप उघड, जो सूर धुनेत सारखा येतो, ज्याच्यावर क्लॅरिनेट लांबत होती, तो पांढरी १ शी जुळव, आणि तिथून गुणगुणत एकेक पट्टी हुडक. अर्धा तास लागला त्याला. मग सांगायला की काळी १ लागायली, काळी ४ आणि काळी ५ पण. उडी खालीच, काळी १ वरून पांढरी ३ वर.

१, ४, ५ म्हणजे बसंत मुखारी. खालून भैरवासारखा, वरून भैरवीसारखा. अरबी पण वाटतो, उदास पण. मी नाव सांगून फोन ठेवणारच होतो, पण एक गोष्ट खटकली. पोरगा पहिल्यांदा म्हणला होता "उदास", अरबी नंतर म्हणला. बसंत मुखारीत ग शुद्ध असतो, तिथं माणूस आधी "अरबी" म्हणतो. म्हणून म्हणलं, धून पूर्ण गुणगुण आणि जिथं संपते तिथं थांब.

तो थांबला. मी विचारलं, "आता घरी आल्यागत वाटायलं का, का अजून काहीतरी राहिलंय?" जरा येळ गप्प बसला आणि म्हणला, "न्हाई मामा, अजून एक सूर यायचा हाय वाटतंय." मग त्यानं तो सूर घेतला, तर तो निघाला पांढरी ४.

इथंच सगळी गंमत आहे. ज्याला तो सा समजत होता तो खरं तर धुनेचा प होता. क्लॅरिनेटवाला प वर लांबवून लांबवून वाजवत होता, कारण पाठवणीला तिथं थांबलं की लोकांचा गळा दाटतो, आणि पोरानी तोच सूर घर समजून पकडला. आता खरं घर पांढरी १ वर आणलं आणि परत पट्ट्या हुडकल्या तर काळ्या निघाल्या फक्त दोन: काळी २ आणि काळी ४. ग कोमल, ध कोमल, नी शुद्ध. ही झाली किरवाणी. उडी होतीच, पण ती वर होती, काळी ४ वरून पांढरी ७ वर, आणि तिथून लगेच वरचा सा. खाली कोमल ग ची उदासी आणि वर ती अरबी उडी, म्हणजे पोरानी पहिल्या वाक्यात जे सांगितलं होतं ते अक्षरशः तसंच.

सूर सातही तेच होते हे बघा. किरवाणीच्या प ला सा म्हणलं की बसंत मुखारी होतो. पट्ट्या बदलत नाहीत, घर बदलतं.

म्हणून सा पक्का करायला सगळ्यात जास्त वेळ द्या

हे पटत नसंल तर काळीला हात न लावता करून बघा. पांढरी १ पासून पांढरी १ पर्यंत वाजवा, बिलावल, एकदम प्रार्थनेसारखं सरळ. आता त्याच पांढऱ्या, पण ६ पासून ६ पर्यंत वाजवा, आसावरीचे सूर झाले, ज्याला गिटारवाली पोरं नॅचरल मायनर म्हणतात. ३ पासून ३ पर्यंत वाजवलं की भैरवी, कीर्तनाच्या शेवटी लागते ती. आणि २ पासून २ म्हणजे काफी. एकही काळी नाही आणि चार रंग. फक्त ज्या पट्टीपासून निघालात ती दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबून धरा, भाता चालू ठेवा, म्हणजे घर कुठं आहे ते कानाला कळत राहील. तसं नाही केलं तर सगळं बिलावलच वाटत राहतं.

एका सप्त्यात मी अशीच माती खाल्ली होती. बाहेरगावच्या एका गायकानी एक अभंग लावला, मी लगेच शेजारच्या टाळकऱ्याला म्हणलं, भैरवी हाय. ती आसावरीच्या सुरातली चाल होती, आणि मी तिचा प सा धरून बसलो होतो. आसावरीचा प घर मानला की भैरवीच दिसते, त्यामुळं माझा हिशोब बरोबर आणि उत्तर चूक. पखवाजाकडं लक्ष दिलं असतं तर तिथंच कळलं असतं, आमच्याकडं तो सा ला लावलेला असतो.

तर सा तपासायचे माझे दोन उपाय. पहिला, धून संपवून गप्प बसा आणि मनात कोणता सूर राहतो ते बघा, "अजून काहीतरी राहिलंय" असं वाटत असेल तर ते घर नाही. दुसरा जास्त भरवशाचा. ज्या दोन सुरांवर शंका आहे ते आळीपाळीनं डाव्या हातानं दाबून धरा आणि त्यावर धून गुणगुणा. खऱ्या सा वर धून बसते, खोट्या सा वर ती सारखी वाकडी जात असल्यासारखी वाटते. भाच्याला पांढरी १ धरून गुणगुणायला लावलं, मग पांढरी ४ धरून, तर तो स्वतःच म्हणला, "हां, हे दुसरं बसायलं."

आता नंबरावरून नाव

सा पक्का, काळ्या सापडल्या, मग नाव काढणं सोपं. उदास धुनांमधी सगळ्यात जास्त सापडणार २, ४, ५, म्हणजे आसावरी, आणि २, ५, म्हणजे काफी. दोन्हीत फरक फक्त ध चा. काफीत ध शुद्ध असल्यामुळं उदासीला जरा ऊब राहते, होळीची गाणी पण त्यात बसतात, आणि आसावरीत तो पण खाली बसतो. माणूस "दुःखी पण गोड" म्हणला की मी आधी पांढरी ६ तपासतो.

२, ४, ५ मधी काळी १ पण आली, म्हणजे १, २, ४, ५, की भैरवी. ४, ५ आणि ग शुद्ध, म्हणजे चारुकेशी, वरून रडणारी आणि खालून हसणारी. १, ४ म्हणजे भैरव, त्यात उडी खाली पण आणि वर पण. १, २, ३, ४ म्हणजे तोडी, आणि तोडी ऐकून कुणी नुसतं "उदास" म्हणत नाही, "कसंतरी व्हायलं" म्हणतं. पाश्चात्य नावं हवी असतील तर काफी म्हणजे डोरियन, आसावरी म्हणजे एओलियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन, आणि किरवाणी म्हणजे हार्मोनिक मायनर. कीबोर्ड शिकणाऱ्या पोरांना हीच नावं सापडतात, म्हणून सांगितली.

नाव ठरल्यावर एकदा उलटं तपासा. जी पट्टी तुम्ही ठरवली ती मुद्दाम चुकीची वाजवा. भाच्याला म्हणलं, धुनेत पांढरी ७ च्या जागी काळी ५ घाल. घातली आणि अरबीपणा गेला, साधी आसावरीची उदास चाल राहिली. म्हणजे तो रंग पांढरी ७ चाच होता. पट्टी बदलून पण काही फरक वाटला नाही, तर एक तर ती पट्टी धुनेत येतच नाही, नाहीतर तुम्ही चुकीच्या जागी शोधताय.

धुनेत सातही सूर असतीलच असं नाही हे पण ध्यानात असू द्या. मालकंसात सा ग म ध नी एवढेच, त्यातले ग, ध, नी कोमल. रे आणि प नाहीतच, त्यामुळं नंबर २, ४, ५ येतो आणि माणूस आसावरी म्हणून मोकळा होतो. म्हणून वहीत काळ्यांच्या शेजारी न सापडलेल्या पांढऱ्या पण लिहा. मालकंसात पांढरी २ आणि ५ मोकळ्या राहतात, आणि त्याचं ते रात्रीचं भारीपण तिथूनच येतं.

राग म्हणायचं का नुसते सूर

मी लोकांना "किरवाणीचे सूर आहेत" म्हणतो, "राग किरवाणी आहे" म्हणत नाही. भातखंड्यांनी जे दहा थाट मांडले ते सुरांचे साचे आहेत, राग त्याच्या पुढची गोष्ट. जौनपुरी आणि दरबारी दोन्ही २, ४, ५ च, पण एक चटपटीत वर चढतो आणि दुसरा खाली रेंगाळत ग ला हलवत बसतो. दरबारीचा तो हलणारा ग पेटीवर निघत पण नाही, पट्टी म्हणजे पट्टी, मधलं काही वाजत नाही. त्यामुळं नुसत्या पट्ट्यांवरून आणि ऐकीव वर्णनावरून राग सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा पण विश्वास ठेवू नका. आणि किरवाणी तर मुळात कर्नाटक पद्धतीतून आपल्याकडं आलेली, तिकडं ती एकविसावी मेळकर्ता, म्हणजे तिकडच्या सुरांच्या साच्यांतला एकविसावा साचा.

कधीकधी सगळं करून एक पण काळी निघत नाही. तेव्हा जबरदस्तीनं कोमल ग घुसवू नका. शुद्ध सुरांची चाल अगदी संथ, खालच्या पट्टीत, एकट्या बासरीवर वाजवली तर ती पण उदास वाटते, मग उत्तर बिलावल आणि कारण लय.

भाच्याला तेव्हा किरवाणी सांगून फोन ठेवला. दोन महिन्यांनी त्या लग्नाचा व्हिडिओ आला, त्यानी पाठवणीचा तुकडा काढून अर्ध्या स्पीडनं ऐकला आणि रात्री साडेअकराला मला फोन. "मामा, एक गडबड हाय. वर जाताना पांढरी ७ च लागायली, पण खाली येताना एका ठिकाणी काळी ५ लागायली." म्हणलं लागणारच, गाण्यांच्या चालीत हे लई चालतं, चढताना सा ला ओढणारा शुद्ध नी आणि उतरताना कोमल नी, म्हणजे चढताना किरवाणी आणि उतरताना आसावरी. तर म्हणतो, "मग वहीत काय लिहू?" म्हणलं २, ४ लिही, आणि शेजारी कंसात ५, त्याच्यावर खाली जाणारा बाण काढ. तो म्हणला बाण काढलाय, आता क्लॅरिनेट कितीला मिळते ते सांगा.